दुकानाचे पोर्ट बाहेरून तपासताना: एनमॅप, पायरी पायरीने

लालबागला आमचं मसाल्याचं दुकान आहे. खाली दुकान, वर माळ्यावर दादाचं हिशेबाचं टेबल. चार कॅमेरे आणि त्यांचा डीव्हीआर, बिलिंगचा संगणक, भिंतीवरचा टीव्ही आणि घरातले फोन हे सगळं एकाच राऊटरवर चालतं. राऊटरच्या सेटिंगमध्ये फायरवॉलसमोर `Enabled` असं लिहिलेलं आहे आणि बरीच वर्षं आम्ही त्या एका शब्दावर निश्चिंत होतो. पण तो शब्द एवढंच सांगतो की फायरवॉल चालू आहे. तिने कुणाकुणाला आत सोडायचं ठरवलंय, हे त्यातून कळत नाही. ते कळण्यासाठी बाहेर जाऊन स्वतःच्याच पत्त्यावर टकटक करावी लागते. या कामासाठी एनमॅप हे मोफत साधन आहे. ते पहिल्यांदा १९९७ साली आलं आणि आजही रोज वापरलं जातं.

ज्यांनी ते कधीच चालवलेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आमच्या दुकानाची तपासणी जशी झाली, तशीच चुकांसकट सांगते, कारण एनमॅपचा आदेश एका ओळीचा असतो आणि फसगत त्याच्या आधी आणि नंतर होते.

पत्ता खरंच आपला आहे का

इंटरनेटवरचा पब्लिक पत्ता म्हणजे चाळीचा पत्ता, आणि पोर्ट म्हणजे खोली नंबर. प्रत्येक पत्त्यावर `1` पासून `65535` पर्यंत टीसीपी या जोडणीच्या पद्धतीच्या खोल्या असतात. बहुतेक रिकाम्या. ज्या खोलीत एखादा प्रोग्राम ऐकत बसलेला असतो, ती उघडी.

सगळ्यात आधी पत्ता शोधायचा. दुकानाच्या वायफायवर असताना टर्मिनलमध्ये हे चालवा:

```
curl -4 https://ifconfig.me
```

जो आकडा येईल तो लिहून ठेवा. या लेखात मी `203.0.113.45` वापरते. हा पत्ता उदाहरणांसाठीच राखून ठेवलेला आहे, आमचा नाही.

आता राऊटरच्या सेटिंगमध्ये जा, साधारणपणे `192.168.1.1` किंवा `192.168.0.1` वर, आणि `Status` किंवा `WAN` अशा नावाखाली दिसणारा पत्ता पाहा. दोन्ही सारखे असतील तर पत्ता तुमचा, पुढे चला. वेगळे असतील तर थांबा. राऊटरवरचा पत्ता `100.64` ते `100.127` यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुमच्या इंटरनेट कंपनीने तुम्हाला इतर अनेक ग्राहकांसोबत एकाच पब्लिक पत्त्यामागे बसवलं आहे. हा पट्टा २०१२ मध्ये खास त्याच कामासाठी राखून ठेवला गेला. काही कंपन्या त्याऐवजी `10` ने सुरू होणारे पत्तेही देतात. अशा वेळी `ifconfig.me` वर दिसलेला पत्ता कंपनीच्या यंत्राचा असतो. त्यावर स्कॅन चालवलंत तर तुमच्या फायरवॉलबद्दल काहीच कळणार नाही, आणि दुसऱ्याच्या यंत्राची दारं वाजवल्यासारखं होईल. तुम्ही या गटात असाल तर शेवटचा आयपीव्ही६ चा, म्हणजे इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीचा भाग तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे.

दुसऱ्याच्या दाराचा मुद्दा मी गांभीर्याने घेते. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकाशी खेळणं माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ खाली येऊ शकतं. म्हणून स्कॅन फक्त आपल्या जोडणीवर. जोडणी सोसायटीच्या किंवा ऑफिसच्या नावावर असेल तर सेक्रेटरींना किंवा मालकांना विचारून, शक्यतो लेखी. आणि आपल्याकडच्या बहुतेक घरगुती जोडण्यांचा पत्ता कायमचा नसतो. लाईट गेली, राऊटर बंद होऊन चालू झाला, की पत्ता बदलू शकतो. कालचा पत्ता आज शेजारच्या गल्लीतल्या कुणाचा तरी असेल. म्हणून प्रत्येक स्कॅनच्या अगदी आधी पत्ता पुन्हा पाहायचा. ही सवय मला पुढे कशी कामाला आली, ते येईलच.

आतून केलेलं स्कॅन का फसवतं

माझा पहिला प्रयत्न दुकानाच्या वायफायवरूनच झाला. पब्लिक पत्ता टाकला, एनमॅप चालवला आणि `53`, `80` हे पोर्ट उघडे दिसले. `80` म्हणजे राऊटरचं सेटिंगचं पान. ते साऱ्या जगाला दिसतंय असं वाटून मी घाबरले.

ते खरं नव्हतं. फायरवॉलचे नियम सहसा पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारं माहितीचं छोटं पुडकं, कुठल्या बाजूने आलं ते पाहतात, कुठल्या पत्त्यावर चाललंय ते नंतर. मी पाठवलेलं पॅकेट पब्लिक पत्त्याकडे निघालं होतं खरं, पण राऊटरमध्ये ते घरच्या बाजूने शिरलं. राऊटरने ओळखलं की हा पत्ता माझाच आहे, माणूस घरातला आहे, आणि उत्तर दिलं. जिन्यातून आलेल्या घरच्या माणसाला वॉचमन अडवत नाही, तसंच. याच्या उलटही होतं: काही राऊटर आतून निघून स्वतःच्या पब्लिक पत्त्याकडे परतणारी पॅकेट हाताळतच नाहीत, मग खरोखर उघडा असलेला पोर्टही आतून बंद दिसतो. म्हणून आतल्या स्कॅनवरून काहीच ठरवू नका. ना भीती, ना समाधान.

बाहेर जायला सोपा मार्ग म्हणजे मोबाईलचा हॉटस्पॉट. फोनचं वायफाय आधी बंद करा. काही फोन वायफायलाच हॉटस्पॉटमधून पुढे वाटतात आणि मग आपण बाहेर आहोत असं समजून आतच फिरत राहतो. लॅपटॉप हॉटस्पॉटला जोडल्यावर पुन्हा `curl -4 https://ifconfig.me` चालवा. आता आलेला पत्ता दुकानाच्या पत्त्याहून वेगळा असलाच पाहिजे. तसा असेल तर तुम्ही बाहेर आहात, मग भले त्याच माळ्यावर बसलेले असा.

मोबाईल नेटवर्कची एक खोड आहे: मधली यंत्रं काही पोर्टवर परस्पर उत्तरं देतात किंवा काही पोर्ट अडवतात. तुम्ही भाड्याने घेतलेला एखादा छोटा सर्व्हर असेल आणि त्या कंपनीच्या नियमांत स्कॅन बसत असेल, तर तिथून केलेलं स्कॅन जास्त स्वच्छ येतं. आमच्याकडे तसा सर्व्हर नव्हता. हॉटस्पॉटवर भागलं.

स्कॅन

उबुंटू किंवा डेबियनवर एनमॅप असा बसतो:

```
sudo apt install nmap
```

विंडोजसाठी `nmap.org` वरून इन्स्टॉलर उतरवायचा. तो एनपीकॅप नावाची जोड मागतो, ती बसू द्या. तिच्याशिवाय कच्ची पॅकेट पाठवता येत नाहीत. खालच्या आदेशांतला `sudo` विंडोजवर लिहायचा नाही. त्याऐवजी टर्मिनलच अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचं.

नुसतं `nmap 203.0.113.45` लिहिलंत तर बहुधा `Host seems down` असं उत्तर येईल. एनमॅप आधी समोरचं यंत्र जिवंत आहे का ते विचारतो, आणि घरगुती राऊटर त्या विचारण्याला मुद्दाम उत्तर देत नाहीत. `-Pn` म्हणजे विचारत बसू नकोस, यंत्र आहे असं धरून चल.

```
nmap -Pn 203.0.113.45
```

एवढं चालवलं की एनमॅप सर्वांत जास्त वापरात असलेले १००० पोर्ट तपासतो. आमच्याकडे यात एकच ओळ आली: `3389/tcp closed`. बाकी सगळे `filtered`. दादाने पाहिलं आणि म्हणाला, "बंद म्हणतोय ना? झालं तर मग."

झालं नव्हतं. एक तर ते `closed` साधं नव्हतं, आणि दुसरं म्हणजे उरलेले ६४,५३५ पोर्ट कुणी पाहिलेच नव्हते. पूर्ण तपासणीचा आदेश असा:

```
sudo nmap -Pn -p- -T4 --reason -oN pahile.txt 203.0.113.45
```

`-p-` म्हणजे सगळे पोर्ट. `--reason` प्रत्येक निकालापुढे त्याचं कारण छापतो. सुरुवातीला हा पर्याय नकोसा वाटतो, पण मी त्याच्याशिवाय आता स्कॅन करत नाही. `-oN` निकाल फाईलमध्ये ठेवतो, पुढे तुलना करायला. `-T4` थोडा वेग वाढवतो. याहून घाई करू नका. मोबाईल नेटवर्कवर जास्त वेगात पॅकेट गळतात, आणि गळालेलं पॅकेट आणि फायरवॉलने गिळलेलं पॅकेट यांत एनमॅपला फरक कळत नाही. उघडा पोर्ट `filtered` दिसून जातो.

वेळ लागतो, कारण उत्तर न देणाऱ्या प्रत्येक पोर्टसाठी एनमॅपला वाट पाहून पुन्हा विचारावं लागतं. आमचं स्कॅन अर्ध्या तासाच्या आसपास चाललं. मध्ये कधीही एंटर दाबलं की किती टक्के झालं ते दिसतं. डेटाची काळजी नको, पॅकेट इतकी लहान असतात की काही एमबीत काम होतं.

निकाल हा:

```
Not shown: 65532 filtered tcp ports (no-response)
PORT      STATE  SERVICE       REASON
3389/tcp  closed ms-wbt-server reset ttl 54
7547/tcp  open   cwmp          syn-ack ttl 55
34567/tcp open   dhanalakshmi  syn-ack ttl 54
```

तीन ओळी वाचताना

तिसरी ओळ पाहून आई म्हणाली, "धनलक्ष्मी? आपल्या दुकानात?" एनमॅपसोबत एक यादी येते, तिच्यात कुठल्या पोर्टवर कुठली सेवा नोंदली गेली आहे ते लिहिलेलं असतं. `34567` समोर खरोखरच हे नाव आहे. `SERVICE` हा रकाना निव्वळ त्या यादीतून भरला जातो. त्या दारामागे प्रत्यक्षात कोण बसलंय, याची एनमॅपने अजून चौकशी केलेली नसते. खोलीबाहेरची जुनी पाटी वाचल्यासारखं आहे ते. प्रत्यक्षात `34567` हा अनेक स्वस्त डीव्हीआर वापरतात तो पोर्ट, आणि तो त्या १००० च्या यादीत नाही. म्हणूनच पहिल्या स्कॅनला दिसला नाही.

आत कोण आहे ते विचारायला `-sV`:

```
sudo nmap -Pn -sV -p 34567 203.0.113.45
```

कधी त्यातून यंत्राचं नाव मिळतं, कधी नावापुढे नुसतं प्रश्नचिन्ह येतं. आमच्याकडे प्रश्नचिन्ह आलं. मग मी घरच्या वायफायवर परत येऊन डीव्हीआरच्या आतल्या पत्त्यावर तोच पोर्ट पाहिला, उघडा होता. डीव्हीआरची वायर काढली आणि बाहेरून पुन्हा विचारलं, तर `open` गेलं. अशी वायर काढून केलेली खातरजमा मला कुठल्याही पाटीपेक्षा भरवशाची वाटते.

आता स्थितीचे तीन शब्द. `open` म्हणजे आत प्रोग्राम बसलाय आणि त्याने हो म्हटलं. `filtered` म्हणजे काहीच उत्तर नाही, वाटेत कुणीतरी पॅकेट गिळलं. तो तुमचा राऊटर असेल किंवा कंपनी, स्कॅनमधून ते कळत नाही. आणि `closed` म्हणजे समोरच्या यंत्राने उलट कळवलं की माझ्याकडे या पोर्टवर कुणी नाही. नवखे लोक `closed` पाहून सुस्कारा सोडतात. पण नीट पाहा: ६५,५३२ पोर्टवर संपूर्ण शांतता आणि एका पोर्टवर "इथे कुणी नाही" असं उत्तर. याचा अर्थ पॅकेट फायरवॉल ओलांडून आत गेलं, कुठल्यातरी यंत्रापर्यंत पोचलं आणि त्या यंत्राने उत्तर दिलं. भिंतीला भोक आहे. भोकापलीकडे आज कुणी उभं नाही, इतकंच.

आमचं हे भोक २०२० च्या लॉकडाऊनमधलं होतं. हिशेब पाहणाऱ्या काकांना घरून बिलिंगचा संगणक चालवता यावा म्हणून रिमोट डेस्कटॉपचा `3389` राऊटरवरून त्या संगणकाकडे वळवला होता. पुढे संगणक बदलला आणि त्याचा जुना आतला पत्ता राऊटरने टीव्हीला देऊन टाकला. राऊटर इमानदारीत रिमोट डेस्कटॉपची पॅकेट टीव्हीकडे पाठवत राहिला आणि टीव्ही नाही म्हणत राहिला. उद्या तोच पत्ता एखाद्या विंडोजच्या लॅपटॉपला मिळाला असता, आणि त्यात रिमोट डेस्कटॉप चालू असता, तर आम्हाला काही न करता `closed` चं `open` झालं असतं.

`REASON` मधला `ttl` चा आकडाही उपयोगी आहे. पॅकेट प्रत्येक टप्प्यावर एकेक आकडा गमावतं. `7547` वरचं उत्तर `55` घेऊन आलं आणि बाकी दोन `54` घेऊन. ती दोन उत्तरं एक टप्पा जास्त आतून आली, म्हणजे राऊटरच्या मागच्या यंत्रांकडून. `7547` वर खुद्द राऊटर बोलतोय. सगळी यंत्रं एकाच आकड्यापासून सुरुवात करत नाहीत, विंडोज सहसा `128` पासून आणि लिनक्सवरची बहुतेक यंत्रं `64` पासून, त्यामुळे याला पुरावा म्हणू नका, पण दिशा मिळते. एखाद्या पोर्टचा `ttl` बाकीच्यांपेक्षा फारच वेगळा दिसला, तर मोबाईल नेटवर्कमधलं एखादं यंत्र परस्पर उत्तर देतंय का, अशी शंका घ्या आणि दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून पुन्हा पाहा.

भोकं बुजवताना

`3389` सोपा होता. राऊटरच्या सेटिंगमध्ये `Port Forwarding` किंवा `Virtual Server` नावाच्या पानावर तो नियम होता, काढून टाकला.

`34567` त्या पानावर नव्हताच. तो नियम कुणी माणसाने लिहिलेला नव्हता. `UPnP` नावाची एक सोय बहुतेक राऊटरमध्ये असते. घरातलं कुठलंही यंत्र तिच्यामार्फत राऊटरला सांगू शकतं की अमुक पोर्ट उघड आणि माझ्याकडे वळव. राऊटर पासवर्ड विचारत नाही. कॅमेरे बसवणारा मुलगा "मोबाईलवर दिसेल" म्हणून सेटिंग करून गेला होता, त्यात डीव्हीआरमधली ही सोय चालू राहिली. फायरवॉल `Enabled` असूनही तिच्याच आतल्या माणसाने दार उघडून दिलं होतं. डीव्हीआरच्या बाबतीत याला मी फार जपते. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते, आणि आमच्या डीव्हीआरचाही पासवर्ड बसवला तेव्हाचाच होता.

मी राऊटरच्या `UPnP` च्या पानावरून ती नोंद पुसली आणि बाहेरून फक्त ते दोन पोर्ट पाहिले:

```
sudo nmap -Pn --reason -p 3389,34567 203.0.113.45
```

`3389` आता `filtered` झाला. `34567` अजून `open`. मी नोंद पुसल्यावर डीव्हीआरने पुन्हा मागणी केली होती आणि राऊटरने पुन्हा मान्य केली होती. नोंद पुसून चालत नाही, सोयच बंद करावी लागते, आणि ती दोन्हीकडे: राऊटरमध्ये आणि डीव्हीआरच्या नेटवर्क सेटिंगमध्येही. दोन्ही बंद करून, जुनं काही राऊटरच्या आठवणीत उरू नये म्हणून तो बंद करून चालू केला. घरात गेम खेळणारं कुणी असेल तर `UPnP` गेल्यावर एखाद्या खेळाची तक्रार येऊ शकते. तेव्हा त्या खेळाचा पोर्ट हाताने वळवा. ती नोंद तुमच्या डोळ्यांसमोर तरी राहते.

मग पूर्ण स्कॅन पुन्हा. अर्ध्या तासाने निकाल आला: सगळेच्या सगळे `65535` पोर्ट `filtered`. दादा खूश. मला मात्र `7547` खटकला. तो तर मी हातच लावला नव्हता, मग तो का गायब झाला?

दादाला खाली दुकानाच्या वायफायवरून पत्ता पाहायला सांगितला. "अगं, शेवटचा आकडाच वेगळा आहे," तो म्हणाला. राऊटर बंद करून चालू केल्यावर आम्हाला नवा पत्ता मिळाला होता आणि मी अर्धा तास जुन्या पत्त्यावर, म्हणजे आता आमच्या नसलेल्या दारावर टकटक करत होते. नियम मला माहीत होता, पण दुसऱ्या स्कॅनच्या वेळी पाळला नव्हता. नव्या पत्त्यावर स्कॅन केलं तेव्हा `7547` परत दिसला आणि बाकी सगळं शांत. ते खरं उत्तर.

यातून एक पद्धत मी कायमची उचलली. सगळं बंद दिसणारा निकाल एकट्याने काहीच सिद्ध करत नाही. पत्ता चुकला, हॉटस्पॉट मध्येच तुटला, मोबाईल कंपनीने इतक्या जोडण्या रोखल्या, तरी निकाल तसाच दिसतो. म्हणून उघडा आहे हे नक्की माहीत असलेला एक पोर्ट हवा. तसा नसेल तर तात्पुरता तयार करा. आतल्या एका संगणकावर रिकाम्या फोल्डरमध्ये जाऊन हे चालवा:

```
python3 -m http.server 50505
```

संगणकाच्या स्वतःच्या फायरवॉलने विचारलं तर परवानगी द्या आणि राऊटरवर `50505` त्या संगणकाकडे वळवा. बाहेरच्या स्कॅनला `50505` उघडा दिसला तर त्याच स्कॅनमधल्या बाकीच्या शांततेवर विश्वास ठेवता येतो. काम झालं की नियम काढा आणि तो प्रोग्राम बंद करा. फोल्डर रिकामा असण्यावर माझा भर आहे, कारण त्यातलं सगळं तेवढा वेळ जगाला वाचता येतं.

आणि बाबांच्या फोनवर कॅमेरे दिसायचे थांबले का? नाही. ते अॅप डीव्हीआरच्या अनुक्रमांकावरून, बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरमार्फत जोडत होतं. डीव्हीआर स्वतःहून बाहेर जोडणी करतो, त्याला आत येणारा पोर्ट लागत नाही. उघडा `34567` आमच्यापैकी कुणाच्याच उपयोगाचा नव्हता. कंपनीच्या सर्व्हरवर किती भरवसा ठेवायचा हा वेगळा प्रश्न उरतो, आणि तो स्कॅनने सुटत नाही. डीव्हीआरचा पासवर्ड त्याच संध्याकाळी बदलला.

`7547` बद्दल थोडक्यात: हा इंटरनेट कंपनी दुरून राऊटर सांभाळते तो पोर्ट. बऱ्याचदा ग्राहकाला तो बंद करता येत नाही. कंपनीला फोन करून विचारा की तो फक्त त्यांच्याच सर्व्हरपुरता मर्यादित करता येईल का. मी विचारलं आहे, तक्रार क्रमांक मिळाला आहे.

यूडीपी आणि आयपीव्ही६

आत्तापर्यंतचं सगळं टीसीपीचं झालं. यूडीपी या दुसऱ्या पद्धतीचे सगळे पोर्ट तपासायला फार वेळ जातो, म्हणून घरासाठी मी चारच पाहते:

```
sudo nmap -Pn -sU --reason -p 53,123,161,1900 203.0.113.45
```

इथे `open|filtered` आलं तर त्याचा अर्थ उत्तर आलं नाही, एवढाच. स्वच्छ `open` आलं तरच लक्ष द्यायचं. बाहेरून `53` उघडा असेल तर तुमचा राऊटर कुणाच्याही डीएनएस प्रश्नांना, म्हणजे साईटच्या नावावरून पत्ता विचारणाऱ्या प्रश्नांना, उत्तर देतो आहे आणि तो इतरांवर हल्ला करायला वापरला जाऊ शकतो. `1900` उघडा असेल तर `UPnP` चुकीच्या बाजूला तोंड करून बसलंय.

आयपीव्ही६ मध्ये चाळीचं चित्रच बदलतं. तिथे एका पत्त्यामागे सगळे लपलेले नसतात. प्रत्येक फोन, टीव्ही आणि डीव्हीआरला स्वतःचा पब्लिक पत्ता असू शकतो. पोर्ट वळवण्याचा प्रश्नच नाही, मध्ये उभी असते ती फक्त राऊटरची आयपीव्ही६ फायरवॉल, आणि काही राऊटरमध्ये तिचं बटण वेगळं असतं. आयपीव्ही४ वर कंपनीच्या पत्त्यामागे सुरक्षित बसलेलं घर या बाजूने सताड उघडं असू शकतं.

दुकानाच्या वायफायवरून `curl -6 https://ifconfig.me` चालवून उत्तर येतं का पाहा. येत असेल तर राऊटरच्या जोडलेल्या यंत्रांच्या यादीतून एकेका यंत्राचा आयपीव्ही६ पत्ता घ्या. `fe80` ने सुरू होणारा नको, तो घरापुरताच चालतो. मग हॉटस्पॉटवर जाऊन तिथेही `curl -6` चालतं याची खात्री करा आणि:

```
sudo nmap -6 -Pn -p- -T4 --reason 2001:db8:12:34::50
```

हाही पत्ता उदाहरणाचाच आहे. इथे `closed` चा अर्थ जास्त टोकदार होतो. एखाद्या यंत्राचे सगळे पोर्ट `closed` आणि कारण `reset` आलं, तर राऊटर काहीच अडवत नाहीये, यंत्र स्वतःच नाही म्हणतंय. आमच्या टीव्हीचं नेमकं असंच आलं. `IPv6 Firewall` राऊटरमध्ये बंद होती. चालू केल्यावर तेच पोर्ट `filtered` झाले. फोन आणि लॅपटॉप आपले आयपीव्ही६ पत्ते अधूनमधून बदलत राहतात, त्यामुळे स्कॅन मध्येच थंडावलं तर आधी पत्ता तपासा.

आता मी दर दोन-तीन महिन्यांनी, आणि कॅमेरेवाला किंवा इंटरनेटवाला येऊन गेला की त्याच दिवशी, `-oN` ऐवजी `-oX` देऊन निकाल ठेवते. एनमॅपसोबतच `ndiff` नावाचं साधन मिळतं, काही ठिकाणी ते वेगळं बसवावं लागतं. ते दोन फाईलींतला फरक दाखवतं:

```
ndiff june.xml august.xml
```

पत्ता बदललेला असेल तर ते दोन वेगळी यंत्रं समजतं, म्हणून तेवढ्यापुरत्या मी दोन्ही फाईली शेजारी उघडून पोर्टच्या ओळी डोळ्यांनी जुळवते. ऑगस्टमध्ये राऊटर बदलून मिळाला तेव्हा पोर्टच्या ओळी तशाच राहिल्या, फक्त `UPnP` पुन्हा चालू होऊन आलं होतं. डीव्हीआरमध्येही ते आधीच बंद केलेलं असल्यामुळे `34567` शांतच राहिला.